चारशे फोटो, एकच ठिगळ

अल्बमची पहिली प्रत पाहून नवरीच्या वडिलांचा फोन आला. "ताई, फोटो सुंदर आहेत, पण प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात तो लाल सिलिंडर आहे हो. एकदा दिसला की मग तोच दिसत राहतो. तेवढा काढून टाका."

काकांचं म्हणणं खरं होतं. साताऱ्याजवळच्या त्या मंगल कार्यालयात स्टेजच्या डाव्या बाजूला, दुधी रंगाच्या चुण्यांच्या पडद्यापुढे, आग विझवायचा सिलिंडर अडकवलेला होता. तो तिथेच असायला हवा. फोटोसाठी सिलिंडर हलवा असं कोणी म्हणालं तरी फोटोग्राफरने ऐकू नये, कारण स्टेजवर मांडवाचं कापड, विजेच्या माळा आणि दीडशे माणसांची ये-जा असते. म्हणजे सिलिंडर काढायचा तो फोटोतूनच. अडचण एवढीच होती की स्वागत समारंभाचे फोटो ४१२ होते.

एका फोटोतून एखादी वस्तू पुसणं आता कोणालाही जमतं. मोबाइलवर बोट फिरवलं की मागची भिंत आपोआप भरून येते. पण चारशे फोटोंतून एकच वस्तू काढायची म्हणजे एका फोटोचं काम चारशे वेळा करणं नव्हे. अल्बमच्या एका पानावर सहा फोटो शेजारी शेजारी बसतात. मामांच्या कुटुंबाच्या मागचा पडदा सरळ चुण्यांचा, शेजारच्या फोटोत आत्याच्या मागे त्याच जागी चुणी वाकडी, तिसऱ्या फोटोत नुसता धुरकट डाग. सुटा पाहिला तर यातला प्रत्येक फोटो चालून जाईल, पण शेजारी ठेवल्यावर काहीतरी पुसलंय हे लगेच कळतं. त्यामुळे सिलिंडर जायला हवा आणि त्याच्या जागी जे येईल ते सगळ्या फोटोंत एकसारखं यायला हवं.

माझ्यासारख्या अल्बम करणाऱ्यांचा पहिला हात जातो तो लाइटरूमकडे. त्यात एका फोटोवर दुरुस्ती करायची, बाकीचे फोटो निवडायचे आणि `Sync` दाबायचं. दुरुस्ती सगळ्या फोटोंवर उतरते. ही सोय खरी शोभते ती कॅमेऱ्यातल्या धुळीसाठी. लेन्स बदलताना धुळीचा कण सेन्सरवर बसला की तो त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत त्याच जागी काळपट ठिपका होऊन उमटतो. फोटो देवळाचा असो की जेवणाच्या पंगतीचा, ठिपका चौकटीतली आपली जागा सोडत नाही. म्हणून एका फोटोत त्यावर ठेवलेली दुरुस्ती बाकीच्या सगळ्यांत अचूक त्याच्यावरच पडते.

सिलिंडरचं तसं नाही. धूळ कॅमेऱ्यात असते, सिलिंडर समोर असतो. तो चौकटीत त्याच जागी राहील तो फक्त कॅमेरा हलला नाही तोपर्यंत. आमच्या फोटोग्राफरने स्वागत समारंभ ट्रायपॉडवरून घेतला होता, म्हणून हे काम करता येण्यासारखं होतं. हातात कॅमेरा धरून काढलेल्या फोटोंत सिलिंडर प्रत्येक वेळी थोडा सरकतो, लहानमोठा होतो, आणि मग एकत्र दुरुस्तीचा काही उपयोग होत नाही.

तरी मी आधी सोपी वाट करून पाहिली. लाइटरूममधला दुरुस्तीचा ब्रश दोन जागांवर काम करतो. एक जागा झाकायची, दुसरी जिथून कापड उचलायचं. उचलण्याची जागा आपण ठरवून दिली नाही, तर प्रोग्रॅम ती प्रत्येक फोटोत स्वतः शोधतो. एका फोटोत त्याला उजवीकडचा पडदा आवडतो, दुसऱ्यात खालचा झालरीचा पट्टा. मी ती जागा हाताने पक्की केली, तेव्हा हा घोळ थांबला. पण दुसरा उरला. हा ब्रश कापडाची वीण उचललेल्या जागेची घेतो आणि रंग-उजेड मात्र झाकायच्या जागेच्या कडेशी जुळवून घेतो. मोकळ्या पडद्यावर हे फार छान दिसतं, कारण सांधा कळत नाही. पण कोणी गडद जांभळ्या साडीतल्या काकू सिलिंडरला चिकटून उभ्या राहिल्या की त्यांच्या खांद्याचा जांभळा रंग पडद्यात पाझरतो. शाई सांडल्यासारखा तो डाग पाहिला आणि ही वाट या कामाची नाही हे नक्की झालं.

दुसरी वाट फोटोशॉपच्या अॅक्शनची. अॅक्शन म्हणजे नोंदवून ठेवलेला कामाचा क्रम. लाल गोळा दाबायचा, आपण जे करू ते प्रोग्रॅम लिहून घेतो, आणि नंतर `File > Automate > Batch` मधून तोच क्रम एका फोल्डरमधल्या सगळ्या फोटोंवर चालवतो. मी सिलिंडरभोवती चौकोन आखला, `Edit > Fill` मध्ये Content-Aware निवडलं आणि नोंद थांबवली. ही सोय फोटोशॉपमध्ये २०१० साली आली, आणि एकट्या फोटोसाठी ती अजूनही उत्तम आहे.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा, कारण त्यात पुष्कळ जणांचा दिवस वाया जातो. चौकोन कुठे आहे हे अॅक्शन आकड्यांत लिहून ठेवते, आणि ते आकडे त्या वेळी पट्टीवर जे माप असेल त्या मापात असतात. आमचे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचे. सिलिंडर डावीकडून ५४० ते ७८० आणि वरून १४८० ते २२४० पिक्सेलमध्ये. पट्टी पिक्सेलवर असताना हेच आकडे नोंदले, आणि चुकून निम्म्या आकाराचा, ३००० बाय २००० चा फोटो त्यातून गेला, तर चौकोन सिलिंडर सोडून खाली पाहुण्यांच्या पायांपाशी जाऊन पडतो. म्हणून नोंद करण्याआधी पट्टीचं माप टक्क्यांवर ठेवायचं. मग नोंद होते ती डावीकडून ९ ते १३ टक्के, वरून ३७ ते ५६ टक्के अशी, आणि फोटो लहान असो की मोठा, चौकोन जागेवर बसतो. आणखी एक म्हणजे ब्रशने रंगवलेलं, घासलेलं अॅक्शन आपणहून नोंदवत नाही. त्यामुळे निवड आखून भरण्यासारखी कामंच त्यात घ्यावीत.

अॅक्शन बिनचूक चालली. चौकोन प्रत्येक फोटोत सिलिंडरवरच पडला, तरी निकाल एकसारखा आला नाही. कारण Content-Aware भरणं म्हणजे साठवून ठेवलेलं कापड लावणं नव्हे. तो प्रत्येक फोटोत आजूबाजूला काय आहे ते पाहून नवं कापड विणतो. शेजारी हिरवी पैठणी असेल तर तिचा काठही त्याच्या हाताला लागतो. बारा जणांचं कुटुंब उभं असेल तर पडद्याऐवजी कोणाची अर्धी बाही सिलिंडरच्या जागी उगवते. आज्ञा तीच राहिली, पण समोरचा फोटो दर वेळी वेगळा होता. नव्या, चित्र नव्याने रचून देणाऱ्या साधनांनाही याच कारणासाठी मी या कामात घेत नाही. तीही दर वेळी आपल्या मनाने पडदा रचतात.

मग वाट उरली ती ठिगळाची. एकदाच, हाताने, नीट वेळ देऊन पडद्याचा एक तुकडा तयार करायचा आणि तोच तुकडा सगळ्या फोटोंत त्याच जागी शिवायचा. आजीच्या गोधडीत ठिगळं वेगवेगळी शोभतात. आमचं ठिगळ मात्र प्रत्येक फोटोत तेच असायला हवं होतं.

पण त्याआधी कॅमेरा खरंच हलला नव्हता ना, हे तपासलं. मी पहिला फोटो आणि दोनशेवा फोटो एकावर एक ठेवले आणि वरच्या थराची मिसळण्याची पद्धत `Difference` केली. यात दोन्ही थर जिथे सारखे, तिथे काळं दिसतं. माणसं बदललेली असल्यामुळे मधला भाग चित्रविचित्र दिसणारच. तिकडे लक्ष द्यायचं नाही. पाहायच्या त्या न हलणाऱ्या गोष्टी, म्हणजे खांबाची कड, कमानीचा कठडा, सिलिंडरवरची पट्टी. त्या काळ्यात विरल्या असतील तर कॅमेरा स्थिर होता. त्यांच्या कडेने बारीक उजळ रेघ दिसली तर चौकट सरकलेली आहे.

माझ्या फोटोंत २३१ व्या फोटोपर्यंत सगळं काळं होतं. पुढच्या फोटोपासून खांबाला उजळ रेघ आली. फोटोग्राफरला फोन केला तेव्हा कळलं की मधे आजोबांच्या पाया पडण्याचा क्षण टिपायला त्याने कॅमेरा ट्रायपॉडवरून काढला होता आणि नंतर परत बसवला होता. तो हातात असताना काढलेले फोटो ४३. परत बसवल्यानंतरचे १३८. म्हणजे एक गठ्ठा समजून मी ज्याच्याशी झुंजत होते ते तीन गठ्ठे होते. दोन ट्रायपॉडचे, त्यांना एकेक स्वतंत्र ठिगळ. तिसरा हातातला, तो सगळा हाताने करायचा. ही वाटणी आधी केली असती तर माझे दोन दिवस वाचले असते.

ट्रायपॉडवर कॅमेरा असूनही चौकट दर फोटोला दोन-चार पिक्सेल सरकत असेल, तर बहुतेक वेळा लेन्समधली हलणं थोपवणारी सोय चालू राहिलेली असते. ती आतली भिंगं सरकवते आणि त्यामुळे दर वेळी चित्र जरा वेगळं बसतं. ट्रायपॉडवर ती बंद ठेवावी. आमच्या फोटोग्राफरने ठेवली होती, हे माझं नशीब.

ठिगळ करायला मला रिकाम्या स्टेजचा फोटो हवा होता, आणि तो मिळाला. पाहुणे यायच्या आधी उजेड तपासायला त्याने दोन-तीन फोटो घेतलेले होते. सगळ्या फोटोंचे रंग आणि लेन्सची दुरुस्ती लाइटरूममध्ये आधी सारखी केली, कारण लेन्सची दुरुस्ती चित्राच्या कडा वाकवते आणि ती एका फोटोत असून दुसऱ्यात नसली की ठिगळ कडेला नेमकं बसत नाही. फोटो कापायचे मात्र नाहीत. कापणं सगळ्यात शेवटी. मग त्या रिकाम्या स्टेजच्या फोटोत उजवीकडच्या चुण्यांचा एक उभा पट्टा उचलून सिलिंडरवर ठेवला, वरच्या चुणीला चुणी जुळवली, सिलिंडरची पडद्यावर पडलेली सावलीही झाकली. सावली विसरली की वस्तू जाते आणि तिचं भूत राहतं. याला चाळीस मिनिटं लागली. शेवटी तेवढा तुकडा, कड मऊ करून, बाकी सगळं पारदर्शक ठेवून वेगळ्या फाइलमध्ये साठवला. फाइल मुद्दाम पूर्ण ६००० बाय ४००० ची आणि फोटोंइतक्याच पीपीआयची ठेवली, म्हणजे ती कुठल्याही फोटोत आणली की ठिगळ आपोआप आपल्या जागी येतं, सरकवावं लागत नाही. फाइलचं नाव `thigal.psd`. फोटोशॉप आणलेल्या थराला फाइलचंच नाव देतो, आणि अॅक्शनला थर नावाने शोधता येतो.

आता प्रश्न पाहुण्यांचा. सिलिंडर सगळ्यांच्या मागे होता, ठिगळ मात्र सगळ्यांच्या वर येणार. कोणी सिलिंडरच्या पुढे उभं असेल तर ठिगळ त्याच्या दंडावर चिकटणार. म्हणून ठिगळाला मास्क हवा. मास्क म्हणजे थराचा कुठला भाग दिसावा आणि कुठला झाकावा हे सांगणारा पडदा. आणि तो प्रत्येक फोटोत वेगळा हवा, कारण माणसं वेगळी. म्हणजे ठिगळ तेच राहायला हवं आणि मास्क दर वेळी नवा व्हायला हवा.

त्यासाठी अॅक्शन अशी नोंदवली. `File > Place Embedded` ने ठिगळ आणायचं आणि त्याचा डोळा बंद करायचा. खालच्या `Background` थरावर येऊन `Select > Subject` द्यायचं. प्रोग्रॅम माणसं ओळखून निवडतो. मग `Select > Inverse`, म्हणजे माणसं सोडून बाकीचं सगळं निवडलं गेलं. पुन्हा `thigal` थरावर जाऊन डोळा उघडायचा आणि `Layer > Layer Mask > Reveal Selection`. ठिगळ फक्त माणसं नसलेल्या जागी दिसतं. शेवटी थर न मिसळता पीएसडी म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये साठवायचं. थर जिवंत ठेवले की नंतर मास्क दुरुस्त करता येतो. मिसळून टाकले तर पहिल्यापासून. यात जागा फार जाते, कारण २४ मेगापिक्सेलचा एक साधा थरच उघड्यावर ७२ एमबीचा होतो, पण काम संपेपर्यंत मी ती देते. बॅच लावताना चूक आढळली तर थांबण्याऐवजी ती फाइलमध्ये लिहून पुढे जा, असा पर्याय निवडते. नाहीतर रात्री लावलेलं काम सातव्या फोटोवर अडकून सकाळपर्यंत आपली वाट पाहत बसतं.

सकाळी पाहिलं तर ट्रायपॉडच्या दोन्ही गठ्ठ्यांचे ३६९ फोटो तयार होते. तपासायची माझी रीत साधी आहे. फोटो पूर्ण पडद्यावर लावायचे आणि बाणाचं बटण भरभर दाबत जायचं. नजर माणसांवर न ठेवता डाव्या कोपऱ्यावर ठेवायची. ठिगळ नीट बसलं असेल तर तो कोपरा भिंतीसारखा स्थिर राहतो आणि माणसं येतात-जातात. कुठे बिघडलं असेल तर तिथे झटका बसतो. एकेक फोटो मोठा करून पाहताना जे सुटतं ते या झटक्यात सापडतं.

३६९ पैकी २८ फोटोंत सिलिंडर माणसांमागे पूर्ण झाकलेलाच होता. तिथे काहीच करायचं नव्हतं. २६७ फोटोंत तो पूर्ण मोकळा होता आणि ७४ फोटोंत अर्धामुर्धा. मोकळ्या फोटोंपैकी २१ ठिकाणी झटका बसला. त्यातले बहुतेक फ्लॅशचे बळी. गर्दी वाढली की फोटोग्राफर घाईने एकामागून एक फोटो घेतो, फ्लॅश पुरता भरत नाही आणि एखादा फोटो गडद येतो. मग ठिगळ कपाळावरच्या टिकलीसारखं उजळ उठून दिसतं. लाइटरूममध्ये `Match Total Exposures` नावाची सोय आहे, ती इथे कामाला येईल असं वाटतं, पण येत नाही. ती शटर, अॅपर्चर आणि आयएसओच्या नोंदींवरून हिशोब करते. फ्लॅश कमी पडल्याची नोंद त्यात नसते, त्यामुळे तिच्या लेखी हे सगळे फोटो सारखेच. या फोटोंत ठिगळाचा थरच पडद्याइतका गडद करावा लागला. बाकी थोड्या फोटोंत जवळ उभ्या माणसाची सावली पडद्यावर पडून ठिगळाच्या कडेला तुटलेली होती, आणि दोनांत पंख्याच्या वाऱ्याने पडदा फुगून चुण्या सरकलेल्या.

अर्ध्या झाकलेल्या ७४ पैकी ५१ मास्क बरोबर आले. २३ चुकले, आणि चुकण्याची कारणं दोनच. पारदर्शक जाळीचा पदर किंवा सुटे केस सिलिंडरवर आले की त्यातून मागचा लाल रंग दिसत राहतो, कारण प्रोग्रॅम पदराला माणसाचाच भाग समजतो आणि पदराआडचा सिलिंडरही राखतो. दुसरं कारण असं की कोणी सिलिंडरला खेटून उभं राहिलं की कधी कधी सिलिंडरच त्या माणसाबरोबर निवडला जातो आणि जसाच्या तसा राहतो. दोन्हीचा उपाय हातानेच. मास्कवर ब्रश फिरवायचा, आणि जाळीच्या पदरात उरलेल्या लालीचा रंग कमी करायचा.

हातात कॅमेरा असताना काढलेल्या ४३ फोटोंपैकी १९ मध्येच सिलिंडर दिसत होता. ते सुटे सुटे केले. मोजलं तर हात लावावा लागला अशा फोटोंची संख्या ६३. फोटोमागे तीन मिनिटं धरली तर तीन तासांहून थोडं जास्त. सिलिंडर दिसणारे सगळे ३६० फोटो एकेक करून केले असते तर १८ तास गेले असते, आणि पडदा ३६० प्रकारचा झाला असता.

दुसरी प्रत घेऊन गेले तेव्हा काका आधी डावे कोपरेच पाहत होते. दहा-बारा पानं उलटली. मग एका फोटोवर बोट ठेवून त्यांनी काकूंना हाक मारली, "अगं, हे बघ, तुझ्या सांगलीच्या वहिनी आल्या होत्या! मला कसं दिसलं नाही?"